सतरावा प्रश्न रद्द करण्याबाबत

दशांशबाईंना दशांशबाई हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण का ठेवलं ते नर्सिंग कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळायचं. बाई औषधाच्या मात्रेची गणितं शिकवायच्या. उत्तर अडीच असेल आणि एखादीने पंचवीस लिहिलं, तर वरची सगळी रीत बरोबर असली तरी शून्य. अर्धा गुण नाही, पाव गुण नाही, रडून नाही, आईला घेऊन येऊनही नाही. "पेशंटच्या अंगात रीत जात नाही," त्या म्हणायच्या, "उत्तर जातं." पोरंपोरी मागे नावं ठेवायची, नकला करायची आणि वॉर्डात गेल्यावर इंजेक्शन भरताना त्यांचीच आठवण काढायची. बाईंना दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि दोन्हींचं काही वाटत नव्हतं.

तर अशा या बाई स्वतःच्याच पेपरात तोंडावर आपटल्या, त्याची ही गोष्ट.

परीक्षा चाळीस प्रश्नांची होती, प्रत्येकी एक गुण, प्रत्येकाला चार पर्याय, उत्तराचा गोळा पेनाने काळा करायचा. वीस गुणांना पास. मशीनने उत्तरपत्रिका तपासल्या, तात्पुरते गुण फळ्यावर लागले, आणि परीक्षा विभागाने नेहमीप्रमाणे प्रत्येक शिक्षकाला एक तक्ता पाठवला. कोणता प्रश्न वर्गातल्या हुशार मुलांपैकी किती जणांना आला आणि कच्च्या मुलांपैकी किती जणांना आला, त्याचा हिशोब त्या तक्त्यात असतो. प्रश्न चांगला असेल तर हुशारांना जास्त येतो, कच्च्यांना कमी. एवढं साधं आहे. बाकीचे शिक्षक त्या तक्त्यावर चहाचा कप ठेवायचे. बाई मात्र तो पट्टी धरून ओळीने वाचायच्या.

सतराव्या ओळीवर पट्टी थांबली. वरच्या गटातल्या जवळजवळ कुणालाच तो प्रश्न आला नव्हता, आणि खालच्या गटातल्या निम्म्यांना आला होता. सगळं उफराटं. बाईंनी आधी मशीनला शिव्या घातल्या, मग परीक्षा विभागाला, आणि मग प्रश्नपत्रिका काढून प्रश्न वाचला.

हजार मिली सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. सेटमधून एका मिलीला वीस थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब सोडाल? पर्याय होते एकवीस, एकतीस, बावन्न आणि त्रेसष्ट.

बाईंनी गणित केलं. हजाराला विसाने गुणलं, आठ तासांच्या मिनिटांनी भागलं. एक्केचाळीस पूर्णांक सदुसष्ट, म्हणजे बेचाळीस. पर्यायांत बेचाळीस नव्हतंच. त्यांनी पुन्हा केलं. आपलं गणित पुन्हा करून बघायची वेळ त्यांच्यावर कितीतरी वर्षांनी आली होती, आणि दुसऱ्यांदाही बेचाळीसच आलं.

मग सगळं लक्षात आलं. गेल्या वर्षी हाच प्रश्न पंधरा थेंबांच्या सेटवर होता आणि उत्तर एकतीस होतं. त्या पेपरचे फोटो पोरांच्या मोबाइलवर फिरतात हे बाईंना कळलं होतं. घोकून येणाऱ्यांची खोड मोडायची म्हणून त्यांनी पेपर छपाईला जायच्या आदल्या दिवशी पंधराचे वीस केले. हे करताना मनातल्या मनात हसल्याही होत्या. पण वर आकडा बदलला तो बदलला, खालचे पर्याय तसेच राहिले. मशीनला दिलेलं उत्तरही एकतीसच राहिलं. म्हणजे ज्यांनी घोकून आलेलं एकतीस डोळे झाकून काळं केलं त्यांना गुण मिळाला, आणि ज्यांनी मान मोडून गणित केलं ती पोरं उपाशी राहिली. खोड मोडली ती नेमकी शहाण्यांची.

बाई तक्ता घेऊन तडक परीक्षाप्रमुखांकडे गेल्या. या गृहस्थांना सगळे शिक्केसर म्हणायचे, कारण कॉलेजचा शिक्का ते खिशातच ठेवायचे आणि तो काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका, कुणाची तक्रार आलेली नाही, एका गुणाने कुठे आभाळ कोसळतं, आणि अगदीच वाटत असेल तर 'तांत्रिक कारणास्तव' अशी एक ओळ फळ्यावर लावू. बाई म्हणाल्या की कारण तांत्रिक नाही, कारण मी आहे, आणि मी तसंच लिहिणार. शिक्केसरांनी कपाळाला हात लावला आणि नियमांची फाइल काढली.

नियम सरळ होता. ज्या प्रश्नाला बरोबर पर्यायच नाही, त्याचं काय करायचं ते शिक्षकाने ठरवायचं आणि लेखी कळवायचं. एक तर सगळ्यांना त्या प्रश्नाचा पूर्ण गुण द्यायचा, नाहीतर प्रश्न वगळून उरलेल्या एकोणचाळीस प्रश्नांचे गुण चाळिसांच्या प्रमाणात बसवायचे. सगळ्यांना गुण वाटायची कल्पना ऐकूनच बाईंचं डोकं फिरलं. फुकटचा गुण, तो माझ्या पेपरात? त्यांनी तिथल्या तिथे दुसरा मार्ग निवडला. मात्र एक अट घातली. ज्यांना एकतीसला गुण मिळाला होता त्यांचे गुण प्रश्न वगळल्यावर घसरले असते, आणि चूक आपली असताना फळ्यावर लागलेला गुण काढून घ्यायचा हे त्यांना पटेना. म्हणून ज्यांचा नवा गुण जुन्यापेक्षा कमी येईल त्यांचा जुनाच ठेवायचा. शिक्केसरांनी शिक्का काढला.

घरी येऊन बाईंनी मेल लिहायला घेतला. नवरा शेजारी बसून वाटाणे सोलत होता. त्याचा औषधाच्या दुकानात जन्म गेलेला, त्यामुळे मात्रा वगैरे त्याला कळायचं, आणि बायकोही कळायची. मेल असा झाला:

'विषय: सतरावा प्रश्न रद्द करण्याबाबत.

विद्यार्थ्यांनो, औषधमात्रेच्या परीक्षेतला सतरावा प्रश्न सदोष होता. प्रश्नातला थेंबांचा आकडा मी बदलला, पण पर्याय बदलायचे राहिले. त्यामुळे दिलेल्या चारपैकी एकही पर्याय बरोबर नव्हता. चूक माझी आहे, छपाईची किंवा मशीनची नाही.

हा प्रश्न आता कुणाच्याही गुणांत धरला जाणार नाही. उरलेल्या एकोणचाळीस प्रश्नांत तुम्हाला जेवढे गुण असतील त्यांना चाळिसाने गुणून एकोणचाळीसने भागलं जाईल. अर्धा किंवा जास्त अपूर्णांक असेल तर वरचा पूर्ण गुण, कमी असेल तर खालचा. यामुळे कुणाचे गुण पूर्वीपेक्षा कमी होत असतील तर त्याचे पूर्वीचेच गुण कायम राहतील.

सगळ्यांना सरसकट एक गुण द्यावा असंही सुचवण्यात आलं होतं. मी ते मान्य केलं नाही. न केलेल्या कामाचा गुण फुकट मिळवायची सवय या पेशात कुणाला लागू नये.'

नवऱ्याने वाचलं. पहिला परिच्छेद झकास आहे म्हणाला. शेवटच्याबद्दल त्याने विचारलं की चूक तुझी आणि उपदेश त्यांना, हे कसं काय. बाईंनी त्याला वाटाण्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि मेल पाठवून दिला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं त्यांना. चूक केली, स्वतः शोधली, स्वतः कबूल केली, नियमाने निस्तरली. अशी माणसं हल्ली किती सापडतात, असंही मनात येऊन गेलं. येतं माणसाच्या मनात.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मेलचीच चर्चा. व्हरांड्यात एक पोरगा दुसऱ्याला पेन मागत होता आणि दुसरा बाईंच्या आवाजात सांगत होता की न केलेल्या कामाचं पेन फुकट मिळवायची सवय लागू नये. बाई जवळून गेल्या तसे दोघे भिंतीला चिकटले. शिक्षकांच्या खोलीत दोघीतिघींनी येऊन सांगितलं की बाई, तुमचं धाडस मानायला हवं. बाईंनी 'त्यात काय एवढं' असं म्हणून घेतलं आणि मनातून खूश झाल्या.

दुपारी मौनी आली.

ही वर्गातली एक मुलगी. वर्गात तोंड उघडायची नाही म्हणून तिला सगळे मौनी म्हणायचे. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची, वही नेटकी, अक्षर बारीक, हात कधी वर नाही. ती दारात उभी राहिली आणि आत येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा बाईंना तिचा आवाज अनोळखी वाटला. बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

तिने सांगितलं की तिला एकोणीस होते. सतराव्याचा गुण मिळाला नव्हता. आता नव्या हिशोबाने एकोणीसला चाळिसाने गुणून एकोणचाळीसने भागलं तर एकोणीस पूर्णांक एकोणपन्नास येतात. अर्ध्याला जरासे कमी. म्हणजे एकोणीसच.

बाईंनी आकडा मनात ताडून पाहिला. बरोबर होता. त्यांना वाईट वाटलं, पण असं वाईट वाटण्याची त्यांना सवय होती. काठावर कुणीतरी असतंच, त्या म्हणाल्या. फेरपरीक्षा सत्र संपल्यावर आहे, तोवर नीट तयारी कर.

मौनीने सांगितलं की फेरपरीक्षेपर्यंत ती इथे नसेल. हा पेपर सुटल्याशिवाय वॉर्डात ड्यूटी लागत नाही, ड्यूटी नाही तर हॉस्टेलची जागा नाही. घरी वहिनीचं बाळंतपण जवळ आलंय, आई अंथरुणाला खिळलेली, घरात हात हवेच आहेत. भाऊ म्हणतो, झेपत नसेल तर सोड, आपण प्रयत्न केला ना. तो उद्या न्यायला येतोय. एकदा घरी गेले की मी परत येत नाही मॅडम, ती म्हणाली, मला माहीत आहे. हे सगळं तिने रडगाणं न गाता सांगितलं, एखाद्या पेशंटची माहिती पुढच्या पाळीच्या नर्सला द्यावी तसं.

बाईंनी तिला समजावलं की घरच्या अडचणींवर गुण देता येत नाहीत, नियम सगळ्यांना सारखा.

"मी अडचणींवर मागत नाहीये," मौनी म्हणाली. "मला बेचाळीस आलं होतं."

मग ती थांबली नाही. एवढ्या महिन्यांचं साठलेलं असावं. तिने बेचाळीस काढलं, पर्यायांत दिसलं नाही, पुन्हा काढलं, पुन्हा बेचाळीस. तेव्हा जन्मात पहिल्यांदा तिने वर्गात हात वर केला. परीक्षागृहात त्या वेळी बाईच फिरत होत्या. त्या आल्या. तिने विचारलं, मॅडम, यात उत्तर नाहीये.

"तुम्ही कागदाकडे बघितलंसुद्धा नाही," मौनी म्हणाली. "म्हणालात, उत्तर पर्यायांतच असतं, तुझं गणित चुकलंय, पुन्हा कर. मग मी करत बसले. तुम्ही सांगितलंत म्हणून करत बसले. शेवटचे चार प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत."

बाईंना आठवत होतं. चेहरा आठवत नव्हता, वर केलेला हात आठवत होता आणि आपलं वाक्यही. ते वाक्य त्या प्रत्येक परीक्षेत कुणा ना कुणाला म्हणायच्या, चालता चालता, न थांबता.

"ज्याने पाठ केलेलं एकतीस काळं केलं, तो वीसवर पास आहे," मौनी म्हणाली. "मेलमध्ये तुम्ही त्याचा गुण राखलात. तो माझ्या शेजारीच बसतो. मला त्याचं वाईट करायचं नाही. पण मग मी नेमकी कशात नापास झाले, तेवढं मला सांगा. घरी सांगायला लागेल."

बाईंनी तिला जायला सांगितलं, आणि भाऊ आला तरी मला भेटल्याशिवाय निघायचं नाही अशी तंबी दिली. मौनी हो म्हणाली. तिला त्यातून फारशी आशा वाटल्याचं दिसलं नाही.

ती गेल्यावर बाईंना स्वतःचा राग आला, इतका कधी आला नव्हता. पर्याय बदलायचे राहिले ती चूक होती, चूक कुणाचीही होते. पण पोरीने तोंडावर येऊन सांगितलं होतं की उत्तर नाही, आणि आपण वाकून एक ओळ वाचली नाही, ही मस्ती होती. त्यावर कळस म्हणजे तो मेल. प्रश्न वगळला म्हणजे तो कुणी सोडवलाच नाही असं धरून आपण हिशोब मांडला. ज्यांनी सोडवला त्यांचा वेळ गेला, आणि तो एकोणचाळीसने भागून परत येत नाही. सगळ्यांत जास्त वेळ कुणाचा गेला असेल, तर ज्यांना गणित येत होतं त्यांचा. आणि आपण त्यांनाच फुकटेपणावर प्रवचन झोडलं. त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढून पाहिली. शेवटचे चार गोळे कोरे होते. ते कोरे आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती, तरी बघितले.

आता माघार घ्यायची नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. माघार म्हणजे मेल मागे घेणं नव्हे, शांत बसणं.

शिक्केसर ऐकून आधी हसलेच. नंतर बाई गंमत करत नाहीयेत हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले की कालच मेल गेला, त्यावर माझा शिक्का आहे, आज उलटं सांगितलं तर पोरं आपली चटणी करतील. उद्या प्रत्येक नापास पोरगी येऊन माझाही वेळ गेला म्हणेल. बाई म्हणाल्या की म्हणूनच एकीला देऊन चालणार नाही, सगळ्यांनाच द्यायचा, नियमातला पहिला मार्ग. बेचाळीस कुणी काढलं आणि कुणी नाही हे गोळ्यांवरून कळत नाही, तेव्हा संशयाचा फायदा पोरांना मिळायला हवा, चुकलेल्या बाईला नाही. शिक्केसरांनी आठवण करून दिली की फुकटच्या गुणाला तुमचाच विरोध होता. लेखी आहे.

"लेखी आहे ना, मग लेखीच मागे घेते," बाई म्हणाल्या.

शिक्केसरांनी फाइल उघडून दाखवली. एकदा कळवलेली पद्धत बदलायची तर परीक्षा समितीपुढे जावं लागतं, आणि पहिल्या पद्धतीने विद्यार्थ्यांवर अन्याय झाल्याचं शिक्षकाला सिद्ध करावं लागतं. इतिवृत्तात नोंद राहते. तुमच्यासारख्या माणसाने इतक्या वर्षांच्या नावाला हा डाग कशाला लावून घ्यायचा, असं ते अगदी मनापासून म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त काही हलवायला आवडत नसे. बाईंनी विचारलं समिती कधी बसते. ते म्हणाले पुढच्या महिन्यात. बाई म्हणाल्या उद्या सकाळी बसवा, नाहीतर मी प्राचार्यांच्या दारात खुर्ची टाकून बसते. बाई हे करतील याची शिक्केसरांना खात्री होती. त्यांनी फोन उचलला.

घरी नवऱ्याला सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या की आता बोल, तुला बोलायचंय ते. तो म्हणाला मी काही बोलणार नाही, तू स्वतःला पुरेशी बोलतेयस. मग थोड्या वेळाने त्याने एवढंच विचारलं की दुसऱ्या मेलमध्ये उपदेश असणार का. बाई म्हणाल्या, बघू.

सकाळी समिती बसली. प्राचार्या, शिक्केसर आणि दोन ज्येष्ठ शिक्षिका. बाईंनी तक्ता टेबलावर पसरला आणि उभ्यानेच बोलल्या. प्रश्न कसा चुकला ते सांगितलं, परीक्षागृहात हात वर झाला होता आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. तिथे एक शिक्षिका खाली बघायला लागली. बहुधा तीही हेच वाक्य म्हणत असावी. बाईंनी पुढे सांगितलं की वगळण्याची पद्धत आकड्यांत बरोबर आहे, पण ती गणित करणाऱ्याचा वेळ मोजत नाही आणि माझ्या सवलतीने ती घोकणाऱ्याला वाचवते. एकाच एकोणीस पूर्णांक एकोणपन्नासवर एक जण पास आणि एक जण नापास, हा माझ्या पद्धतीचा निकाल आहे, पोरांचा नाही.

प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला. सगळ्यांना गुण दिला तर ज्याला खरोखर येत नाही असा कुणी काठावरून पास होऊन वॉर्डात जाईल, त्याचं काय? प्रश्न रास्त होता. बाई म्हणाल्या की जाईल. वॉर्डात पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या मागे नर्स उभी असते, आणि मीही दर आठवड्याला येऊन सगळ्यांची गणितं सेटसमोर उभं करून घेईन. घोकणारा मला तिथे सापडेल. पण ज्याला येत होतं त्याला आपण घरी पाठवलं तर तो कुणालाच सापडणार नाही.

शिक्केसरांनी विचारलं की पुढच्या वेळी असं होणार नाही याची काय हमी. पेपर फुटेल या कारणाने बाईंनी आजवर स्वतःचा पेपर कधी कुणाला दाखवला नव्हता. त्या म्हणाल्या की यापुढे माझा पेपर छपाईला जायच्या आधी दुसऱ्या शिक्षकाने उत्तरं न बघता सोडवायचा, आणि शेवटच्या क्षणी एक आकडा जरी बदलला तरी पुन्हा सोडवायचा. असं इतिवृत्तात लिहा. आणि परीक्षागृहात कुणी हात वर करून प्रश्न चुकलाय म्हणालं, तर त्याची नोंद करून लगेच तुम्हाला कळवायचं, हेही लिहा. लिहिलं गेलं. प्राचार्यांनी मान डोलावली, आणि शिक्केसरांनी खिशातून शिक्का काढला, या वेळी न कुरकुरता.

बाईंनी मेल शिक्केसरांच्याच टेबलावर बसून लिहिला. खिडकीतून खालचा बाक दिसत होता. त्यावर एक माणूस बसला होता, पायाशी कपड्यांची बॅग, आणि बॅगेच्या पलीकडे मौनी. तो काहीतरी सांगत होता, ती ऐकत होती. तो चिडलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता, लांबून आलेल्या माणसासारखा.

'विद्यार्थ्यांनो, सतराव्या प्रश्नाबाबत मी पाठवलेला आधीचा मेल रद्द समजावा. प्रश्न वगळून गुणांचं प्रमाण बसवण्याची जी पद्धत मी निवडली, तिने ज्यांनी गणित केलं त्यांच्यावर अन्याय झाला. परीक्षा समितीच्या मंजुरीने आता या प्रश्नाचा पूर्ण एक गुण सर्वांना दिला जात आहे. एकूण गुण पूर्वीसारखेच चाळीसपैकी राहतील. ज्यांना हा गुण आधीच मिळाला होता त्यांच्या गुणांत बदल होणार नाही. सुधारित यादी सोबत जोडली आहे.

आधीच्या मेलचा शेवटचा परिच्छेद मी मागे घेते. हा गुण फुकटचा नाही.

त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर बेचाळीस होतं. ज्यांना ते आलं आणि पर्यायांत सापडलं नाही म्हणून स्वतःचीच शंका आली, त्यांचं बरोबर होतं. परीक्षागृहात एका विद्यार्थिनीने मला हे वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वॉर्डात तुमचं गणित आणि समोरचा कागद जुळला नाही, तर असाच हात वर करा. समोर माझ्यासारखं कुणी असलं तर पुन्हा वर करा.'

शेवटच्या दोन ओळींवर शिक्केसर जरा घुटमळले. उपदेश आहे का हो हा, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या की उपदेश नाही, ही सूचना आहे, आणि पाठवायचं बटण दाबलं. मग त्या जिना उतरून खाली गेल्या.

बाकाशी पोचेपर्यंत मौनीच्या हातात फोन होता. ती वाचत होती, ओठ हलवत, हळूहळू. यादी उघडायची घाई तिने केली नाही. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत होता. बाई चार पावलं अलीकडेच थांबल्या. पुढे व्हायला त्यांना धीर झाला नाही, हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

"काय झालं?" भावाने विचारलं. "पास केलं का?"

मौनीने फोन खाली ठेवला. डोळे भरले होते तिचे, पण आवाज ठाम होता.

"दादा, माझं बरोबर होतं," ती म्हणाली, आणि वाकून बॅग उचलून हॉस्टेलच्या जिन्याकडे चालू लागली.